मागाचा ठोका कुठे चुकला: विट्याकडच्या एका ध्वनिमुद्रणाची तपासणी

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यात विट्याच्या आसपास यंत्रमागाचं बरंच काम मजुरीवर चालतं. व्यापारी सुताचे बीम पाठवतो, मागवाला कापड विणून देतो आणि मजुरीचा हिशोब मागाहून होतो. या प्रकरणातले दोघे बरीच वर्षं असाच व्यवहार करत होते. मागवाल्यांना इथे आप्पा म्हणतो आणि व्यापाऱ्यांना शेठ. ओळख पटू नये म्हणून गावाच्या आणि व्यवहाराच्या काही खुणा बदलल्या आहेत. तपासणीतले आकडे मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत.

आप्पांचं म्हणणं होतं की काही महिन्यांची मजुरी थकली आहे. शेठ म्हणत होते की सगळा हिशोब मिटला आहे. कोर्टात जाण्याआधी दोघांच्या ओळखीच्या चार माणसांसमोर बसून मिटवायचं ठरलं. त्या बैठकीत शेठच्या दिवाणजींनी एक ध्वनिमुद्रण ऐकवलं. आप्पांच्या कारखान्याला लागून असलेल्या छोट्या ऑफिसात झालेलं बोलणं दिवाणजींनी आपल्या फोनवर रेकॉर्ड केलं होतं. लांबी ४ मिनिटं २० सेकंद. त्यात तीन मिनिटं उलटल्यावर हे दोन उद्गार येतात:

शेठ: "मग आता आपल्यात काही राहिलं नाही ना, आप्पा?"

आप्पा: "नाही शेठ, काही नाही राहिलं."

आवाज आप्पांचाच होता, ते स्वतःही नाकारत नव्हते. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. "मी हे बोललो, पण पैशांबद्दल नाही बोललो. त्यांचं सूत माझ्याकडे काही शिल्लक आहे का, असं त्यांनी नंतर विचारलं, तेव्हा हे बोललो." म्हणजे प्रश्न खरा, उत्तरही खरं, पण उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं. आप्पांच्या वकिलांनी फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन माझ्याकडे आणली. सांगलीत माझं ध्वनिमुद्रणाचं काम आहे, आणि अशा फाइलींबद्दल प्राथमिक मत मी देतो.

अडचण

अशा वेळी बहुतेक जण ते वाक्य पुन्हापुन्हा ऐकतात आणि "इथे जरा अडखळल्यासारखं वाटतं" असं म्हणतात. त्यातून काहीच निष्पन्न होत नाही. माणसं बोलताना अडखळतात, थांबतात, मध्येच विषय बदलतात. उलट कापणाराही बोलणं सलग वाटावं म्हणूनच कापतो. त्याचं सगळं लक्ष शब्दांवर असतं. शब्दांच्या खाली जे चालू असतं त्याकडे त्याचं लक्ष क्वचितच जातं: पंखा, ट्यूबची घरघर, भिंतीपलीकडचं मशीन, खोलीचा घुमारा. हे आवाज कुणाच्या बोलण्यासाठी थांबत नाहीत. मधले काही सेकंद काढून टाकले की बोलणं जुळवता येतं, पण पंख्याची किंवा मशीनची लय जुळेलच असं नाही.

या फाइलीत एक गोष्ट आमच्या फायद्याची होती. ऑफिसाच्या भिंतीपलीकडे त्या वेळी एकच माग चालू होता, बाकीच्यांवर बीम चढवायचे होते. दहा-वीस माग एकदम चालू असते तर सगळ्यांचे ठोके एकमेकांत मिसळून नुसता गदारोळ ऐकू आला असता आणि त्यातून काही मोजता आलं नसतं. एकट्या मागाचा ठोका मात्र स्पष्ट होता.

आमच्या विरोधात जाणारी गोष्टही होती. आमच्याकडे मूळ फाइल नव्हती. फोनमधले रेकॉर्डर सहसा m4a फाइल बनवतात, आणि पेन ड्राइव्हवर होती mp3. म्हणजे फाइल किमान एका सॉफ्टवेअरमधून गेली होती. एवढ्यावरून संशय घेणं चूक ठरलं असतं, कारण दुसऱ्याला पाठवायला सोपी जावी म्हणूनही लोक फाइल बदलून घेतात. पण mp3 बनताना लहरीच्या बारीक कडा बोथट होतात. एका सॅम्पलवर, म्हणजे लहरीच्या एकाच मोजमापाच्या ठिपक्यावर, झालेला तुटकपणा थोडा पसरतो, कधी त्याच्या आधीच हलकीशी कुरकुर उमटते. त्यामुळे जोड असला तरी तो मूळ फाइलीइतका धारदार दिसणार नव्हता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय असा की फोन आणि मूळ फाइल मिळेपर्यंत काहीच मत द्यायचं नाही. शास्त्राच्या दृष्टीने हाच सर्वांत बरा. पण फोन दिवाणजींकडे होता आणि बैठकीत कुणावर सक्ती करता येत नव्हती.

दुसरा पर्याय थेट कोर्टात जाऊन प्रयोगशाळेकडे तपासणी मागण्याचा. तिथे कागदपत्रांची बाजू पक्की लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाइलीचं हॅश मूल्यही, म्हणजे फाइलीत जरा बदल झाला तरी बदलणारी तिची आकडी ओळखखूण, नोंदवायचं असतं. हा रस्ता लांबचा आणि खर्चाचा. थकलेली रक्कम पाहता आप्पांना तो परवडणारा नव्हता.

तिसरा पर्याय म्हणजे आहे त्या प्रतीवर मर्यादित तपासणी करायची, निष्कर्ष बेताने लिहायचे आणि त्यांच्या आधारे मूळ फोनची मागणी करायची. आम्ही हा निवडला.

एक गोष्ट मी वकीलसाहेबांना आधीच सांगितली होती. वादाचं वाक्य कोणतं, ते कितव्या मिनिटाला आहे, हे मला आधी सांगू नका. संशयाची जागा माहीत असली की डोळा तिथेच जातो आणि तिथली प्रत्येक रेघ जोडासारखी दिसू लागते. आप्पांचं म्हणणं मला कळलं ते माझी पहिली टिपणं लिहून झाल्यावर. वर मी ते आधी सांगितलं, ते वाचणाऱ्यांच्या सोयीसाठी.

तपासणीची सुरुवात

पेन ड्राइव्हवरच्या फाइलीला हात न लावता आधी तिचं हॅश मूल्य लिहून घेतलं आणि मग कामासाठी वेगळी प्रत बनवली:

```
sha256sum prat.mp3
ffmpeg -i prat.mp3 -c:a pcm_s16le kaam.wav
```

पुढचं सगळं काम `kaam.wav` वर केलं. उघडून वेव्हफॉर्म, म्हणजे लहरीचा आलेख, आणि स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या क्षणी कोणती वारंवारता किती जोरात आहे याचं चित्र, एकाखाली एक ठेवले. स्पेक्ट्रोग्रामची खिडकी, म्हणजे एका वेळी एकत्र मोजायचा तुकडा, किती मोठी ठेवायची यावर बरंच काही अवलंबून असतं, आणि नवखे इथे हमखास चकतात. खिडकी लहान ठेवली, म्हणजे २५६ सॅम्पल, तर वेळेतल्या कडा नीट दिसतात. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल, म्हणजे ४४,१०० हर्ट्‌झला ती जेमतेम ६ मिलिसेकंदांची होते. याच खिडकीत विजेच्या घरघरीच्या आडव्या रेषा मात्र धूसर होतात. त्या पाहायच्या तर ४०९६ सॅम्पलची मोठी खिडकी लागते. मी संपूर्ण फाइल दोन्ही खिडक्यांतून वेगवेगळी पाहिली.

एकूण चार जागा टिपल्या: ०:४१, १:२०, १:५२ आणि ३:०८. चारही ठिकाणी पार्श्वभूमीत काहीतरी बदलत होतं. त्यातले जोड किती, हे ठरवायचं होतं.

०:४१ – जोड नसलेला बदल

इथे शेठ मोठ्याने हसतात आणि लगेच मागाचा आवाज एकदम दबतो. फक्त वेव्हफॉर्म पाहिला तर दोन वेगवेगळ्या खोल्यांतले तुकडे जोडल्यासारखं वाटतं. मी पातळी मोजली. हसू सुरू होताच ती झटकन खाली आली होती, आणि नंतर जवळपास दोन सेकंद हळूहळू चढत मूळ जागी पोहोचली होती.

ही फोनच्या आपोआप पातळी सांभाळणाऱ्या यंत्रणेची सही आहे. मोठा आवाज आला की फोन माइकची पातळी तत्काळ उतरवतो आणि शांतता झाली की हळूहळू वाढवतो. खोलीतला बाकी आवाज तितकाच असतो, पण रेकॉर्डिंगमध्ये तो दबलेला येतो. अशी जागा ओळखायला दोन प्रश्न पुरतात. बदलाच्या आधी मोठा आवाज आहे का? आणि पातळी परत चढताना उतार दिसतो का? जोडाच्या जागी सहसा असा उतार नसतो. पातळी पायरीसारखी बदलते आणि बदललेलीच राहते.

मी आणखी एक पडताळा घेतला. या जागेच्या आधीचे आणि नंतरचे मागाचे ठोके मोजले. ते एकाच लयीत, एकाही ठोक्याची चूक न होता चालू होते. ही जागा यादीतून काढली.

१:२० – माग थांबतो तेव्हा

इथे ठोके बंद पडतात, साधारण अकरा सेकंद काहीच नाही, आणि मग पुन्हा सुरू होतात. माग माहीत असलेल्या कुणालाही याचं कारण लगेच समजेल. धोट्यातली कांडी संपली किंवा बाण्याचा धागा तुटला की साधा माग थांबतो, कामगार कांडी बदलतो आणि पुन्हा चालू करतो. थांबताना एक जड धक्का ऐकू येतो, त्याचा घुमारा खोलीत विरतो, आणि त्याखाली पंखा अखंड चालू राहतो. तो घुमारा पूर्ण विरलेला दिसणं महत्त्वाचं होतं. मध्येच छाटलेला असता तर गोष्ट वेगळी झाली असती.

पण याच जागेने एक मर्यादाही दाखवली. माग पुन्हा सुरू झाल्यावर त्याच्या ठोक्यांनी आधीच्या लयीत असण्याचं काही कारण नाही. म्हणजे या अकरा सेकंदांत कुणी सफाईने काही काढलं असेल तर ठोक्यांवरून ते कळणार नाही. मी इथे पंख्याचा आवाज आणि १०० हर्ट्‌झची रेष पाहिली. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची असल्याने ट्यूबलाइटच्या चोकची वगैरे घरघर त्याच्या दुपटीवर उमटते. ५० ची रेष फोनच्या छोट्या माइकमध्ये बहुधा फिकट येते, १०० ची बऱ्याचदा दिसते. दोन्ही सलग दिसले. अहवालात मी लिहिलं, "या जागी जोडाची खूण आढळली नाही." "जोड नाही" असं लिहिलं नाही. या दोन वाक्यांतला फरक वकीलसाहेबांना पटवायला थोडा वेळ लागला.

१:५२ – लहरीतला तुटकपणा

इथे स्पेक्ट्रोग्राममध्ये खालपासून वरपर्यंत एक बारीक उभी रेघ होती. उभी रेघ म्हणजे एका क्षणी सगळ्या वारंवारतांमध्ये एकदम ऊर्जा उमटली. जोडाची ही ओळखीची खूण आहे. पण या फाइलीत उभ्या रेघांची कमी नव्हती, कारण मागाचा प्रत्येक ठोका स्वतः एक उभी रेघ आहे. टेबलावर पेन आपटलं तरी अशीच रेघ येते. फरक रेघेच्या मागे काय आहे, यात असतो. खऱ्या ठोक्यामागे शेपूट असते. आवाज भिंतींवर आपटून विरत जातो आणि स्पेक्ट्रोग्राममध्ये रेघेच्या उजवीकडे फिकट होत जाणारी सावली दिसते. या मागाच्या ठोक्यांना ती सावली प्रत्येक वेळी होती. १:५२ च्या रेघेला अजिबात नव्हती.

मग वेव्हफॉर्म इतका मोठा केला की एकेक सॅम्पल ठिपक्यासारखं दिसू लागलं. तिथे लहर चढत असताना एका ठिपक्यावर +०.११ वर होती आणि पुढच्याच ठिपक्यावर −०.०७ वर. आजूबाजूला शेजारच्या दोन ठिपक्यांत ०.०२ पेक्षा जास्त अंतर कुठेच नव्हतं. त्या खोलीतल्या कोणत्याही आवाजाने हवा अशी एका सॅम्पलमध्ये उडी मारत नाही. उडीच्या आधी mp3 ची ती हलकी कुरकुरही होती. म्हणजे तुटकपणा mp3 बनण्याच्या आधीचा होता.

मग ठोके मोजले. या भागात वीस ठोक्यांना ८.४ सेकंद लागत होते, म्हणजे दोन ठोक्यांत ०.४२ सेकंद. मोटरवर चालणाऱ्या मागाची लय बरीच स्थिर असते, तरी विजेचा दाब खालीवर झाला की थोडी सरकते. म्हणून दोनच ठोक्यांतलं अंतर मोजून निष्कर्ष काढू नये, दोन्ही बाजूंचे बरेच ठोके मोजावेत. जोडाआधीचा शेवटचा ठोका ११२.३१ सेकंदाला होता. पुढचा ११२.७३ ला यायला हवा होता. तो आला ११२.५८ ला, म्हणजे ०.१५ सेकंद आधी. तिथून पुढे पुन्हा प्रत्येक ठोका ०.४२ च्या अंतराने. लय तीच, फक्त एका जागी घसरलेली.

यावरून मधून किती वेळ निघून गेला ते सांगता येतं का? अर्धवट सांगता येतं. निघून गेलेला वेळ ०.१५ सेकंद असेल, किंवा त्यात ०.४२ चे कितीही पूर्ण फेरे मिळवा: ०.५७, ०.९९, असं करत दहा मिनिटंसुद्धा. ठोके फक्त फेऱ्यातली घसरण दाखवतात, फेरे मोजत नाहीत. "इतके सेकंद कापले" असं कुणी एका लयीवरून छातीठोकपणे सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

इथपर्यंत पुरावा भक्कम वाटत होता. पण आणखी एक बारीक गोष्ट होती. तुटकपणाच्या साधारण पाव सेकंद आधी एक मंद "थप्प" होता, कुणीतरी फोनला बोट लावल्यासारखा. बऱ्याच फोनच्या रेकॉर्डरमध्ये पॉजची सोय असते. पॉज करून पुन्हा चालू केलं की एकच फाइल बनते आणि तिच्यात नेमका असाच जोड पडतो. त्यामुळे मी लिहिलं की इथे ध्वनिमुद्रण सलग नाही. ते नंतर कापलं की रेकॉर्ड करतानाच थांबवलं, हे या प्रतीवरून ठरवता येत नाही.

३:०८ – सफाईदार जोड

ही जागा पहिल्या ऐकण्यात माझ्या लक्षातही आली नव्हती. उभी रेघ नाही, लहरीत उडी नाही. शेठचा प्रश्न संपतो, क्षणभर थांबणं, आणि आप्पांचं उत्तर. कानाला काही खटकत नाही. ती सापडली ती सगळ्या ठोक्यांच्या वेळा एका कागदावर उतरवून काढताना.

१८७.९४ ला एक ठोका. पुढचा १८८.३६ ला, बरोबर वेळेवर. आणि त्यानंतर अवघ्या ०.१८ सेकंदात, १८८.५४ ला, आणखी एक ठोका. मग १८८.९६, १८९.३८, अशी नवी लय पुढे चालू. म्हणजे या एका जागी एका मागाने दोन ठोके दिले होते, दोन्ही शेजारच्या ठोक्यांपेक्षा किंचित मऊ. साध्या मागाला हे शक्य नाही. फणी एका फेऱ्यात एकदाच पुढे येऊन ठोकते.

हे होतं ते क्रॉसफेडमुळे. जोडणारा माणूस पहिला तुकडा हळूहळू विझवतो आणि त्याच वेळात दुसरा हळूहळू उजळवतो, म्हणजे टक् असा आवाज येत नाही. लहर कुठेच तुटत नाही. पण त्या साधारण पंचवीस-तीस शतांश सेकंदांच्या पट्ट्यात दोन्ही तुकड्यांचे पार्श्वआवाज एकावर एक वाजतात. पहिल्या तुकड्यातला ठोका विझता विझता ऐकू आला आणि दुसऱ्यातला उजळता उजळता.

एकट्या जोडठोक्यावर मी थांबलो नाही. त्याच जागी दुसरं काही बदलतं का ते पाहिलं. १८८.६ नंतर पार्श्वभूमीची पातळी सुमारे ५ डेसिबलने वर होती आणि फाइल संपेपर्यंत तशीच राहिली. शिवाय ठोके जास्त कडक झाले होते. आधी ४ किलोहर्ट्‌झच्या वर त्यांचा मागमूस नव्हता, आता तिथेही स्पष्ट दिसत होते. कारखान्याकडचं दार बंद असताना भिंत आणि दार वरच्या वारंवारता गिळतात, दार उघडलं की त्या आत येतात. दार उघडणं यात काही गैर नाही. पण दार खरंच त्या क्षणी उघडलं असतं तर बिजागरीचा, कडीचा काहीतरी आवाज आला असता आणि बदल दार फिरतं तसा उलगडत गेला असता. इथे तो क्रॉसफेडच्या पट्ट्यात, दाराच्या कसल्याही आवाजाशिवाय उरकला होता.

लय घसरणं, दोन ठोके एकत्र येणं, पातळीची पायरी आणि वरच्या वारंवारतांचा शिरकाव: चार गोष्टी एकाच तीस शतांश सेकंदांत. यातली प्रत्येक एकेकटी असती तर मी तिच्यासाठी साधं कारण शोधलं असतं. चौघींना एकत्र लागू पडेल असं, जोडाव्यतिरिक्त दुसरं कारण मला सापडलं नाही.

तुलनेचं ध्वनिमुद्रण

अहवाल देण्याआधी आप्पांच्या ऑफिसात जाऊन, दिवाणजींच्या फोनच्याच मॉडेलवर, तोच माग चालू ठेवून रेकॉर्डिंग केलं. सलग, मग पॉज करून पुन्हा चालू करत, मग बोलताना मध्येच दार उघडत.

माग अजूनही ०.४२ च्या लयीतच चालत होता. पॉजच्या प्रत्येक जागी जोड बोथट पण सरळ होता: एक तुकडा जिथे संपतो तिथेच दुसरा सुरू होतो, आणि त्याआधी बोटाचा थप्प. दोन तुकडे एकमेकांवर चढलेले एकदाही दिसले नाहीत. दार उघडल्यावर पातळी वाढायला अर्ध्या सेकंदाच्या वर वेळ लागला आणि कडीचा आवाज प्रत्येक वेळी ठळक आला.

त्यामुळे दोन जागांचा निष्कर्ष वेगळा झाला. १:५२ चा जोड पॉजमुळे पडलेला असू शकतो. ३:०८ चा पॉजच्या खुणांशी जुळत नाही. तो ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या क्रॉसफेडशी जुळतो.

निकाल

अहवाल दोन पानांचा होता. त्यात मधल्या काळात काय बोलणं झालं, कुणी कापलं, कशासाठी कापलं, यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं, कारण ध्वनीत त्याचं उत्तर नाही. शेठचा प्रश्न आणि आप्पांचं उत्तर सलग ध्वनिमुद्रित झालेलं नाही, एवढंच लिहिलं आणि ठोक्यांच्या वेळांचा तक्ता जोडला.

पुढच्या बैठकीत वकीलसाहेबांनी आधी १:५२ बद्दल विचारलं. दिवाणजी म्हणाले, "फोन आला होता, म्हणून मध्ये थांबवलं होतं." हे पटण्यासारखं होतं आणि तपासणीशी जुळतही होतं. मग ३:०८ च्या जागेचा तुकडा हळू वेगाने ऐकवला. माग चालवण्यात आयुष्य गेलेले दोघे जण त्या बैठकीत होते. तक्ता पाहायची त्यांना गरज पडली नाही. एकाने लगेच बोट वर केलं: "हा ठोका दोनदा कसा पडला?"

मूळ फोन मागितला तेव्हा तो बदलला असून जुन्यातलं काही ठेवलं नाही, असं सांगण्यात आलं. त्यानंतर शेठच्या बाजूने ध्वनिमुद्रणाचा आग्रह सोडला. हिशोब डिलिव्हरी चलनांवर आणि आप्पांच्या वहीवर बसला. आप्पांना मागितलेली सगळी रक्कम मिळाली नाही, बरीचशी मिळाली. सूत शिल्लक आहे का, हा प्रश्न त्या दिवशी खरंच विचारला गेला होता का, हे शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या बैठकीत ध्वनिमुद्रण ऐकवलं गेलं तेव्हाच, सगळ्यांसमोर, फोनमधली फाइल थेट कॉपी करून तिचं हॅश मूल्य कागदावर लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्यायला हव्या होत्या. त्या वेळी फोन समोर टेबलावर होता. नुसती प्रत घेतली गेली, तीही नंतर दुसऱ्या कुणाच्या हस्ते. समोरच्या बाजूने "ही फाइल तुम्हीच बिघडवली" असं म्हटलं असतं तर आमच्याकडे उत्तर नव्हतं. ते तसं म्हणाले नाहीत, हा नशिबाचा भाग. मूळ m4a हाती असती तर फाइलीच्या रचनेवरूनही ती रेकॉर्डरने थेट लिहिली की संपादकातून निघाली, याचा अंदाज आला असता आणि सगळा भार ठोक्यांवर पडला नसता.

फोनची लेखी मागणीही अहवालाची वाट न पाहता लगेच करता आली असती. तपासणी आणि बैठक यांच्यात काही आठवडे गेले, आणि जुना फोन याच काळात गेला.

आप्पांच्या बाजूने एक गोष्ट सहज शक्य होती. दोघांनीही आपापल्या फोनवर रेकॉर्डिंग सुरू ठेवलं असतं तर त्याच मागाचे ठोके दोन फाइलींत आले असते. ०:०० पासून दोन्ही फाइली ठोक्यांनी जुळवल्या असत्या, तर कोणत्या फाइलीतून नेमका किती वेळ गायब आहे हे फेऱ्यांसकट मोजता आलं असतं, आणि त्या वेळात काय बोलणं झालं तेही ऐकता आलं असतं.